पुढची खोली भाड्यानं: आर्वी तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं हे घर. घरात काकू एकट्याच राहतात. काका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर काकूंना महिन्याला २२,००० रुपये कुटुंब निवृत्तीवेतन मिळतं, आणि कपाशीची थोडी जमीन बटईनं दिलेली आहे. एकुलता एक मुलगा पुण्यात कंपनीत नोकरीला आहे. घराला चार खोल्या. पुढची खोली, तिला लागून लहानसं स्वयंपाकघर आणि सांदवाडीतून जायचा वेगळा दरवाजा, एवढा भाग काकांच्या पश्चात रिकामाच पडून होता. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, शाळा आहे, आणि पाच-सात किलोमीटरवर जिनिंग आहे. त्यामुळे खोलीसाठी विचारणारे येतच होते.

मी तालुक्याच्या ठिकाणी लोकांची आयकर विवरणपत्रं भरून देतो. काकूंचा मुलगा माझ्याकडे आला तो एका वेगळ्याच पेचामुळे. खोलीसाठी दोघं तयार होते. एक सरकारी गुरुजी, ते राहणार नव्हते. दुसऱ्या आरोग्य केंद्रातल्या नर्सबाई, त्या खरोखर राहायला येणार होत्या. पैसे नर्सबाई जास्त देत होत्या, पण गुरुजी थोडे का होईना, खोली न वापरताच देणार होते. काकूंना कोणाला हो म्हणावं ते कळत नव्हतं. मुलाला वाटत होतं, कागदच तर द्यायचा आहे.

गुरुजींचं म्हणणं असं होतं. घरभाडे भत्ता मिळण्यासाठी शिक्षकानं मुख्यालयी राहायला हवं. हे गुरुजी रोज शहरातून येणं-जाणं करत. त्यांना गावातल्या एका घराचा भाडेकरार हवा होता आणि दरमहा भाडेपावती. काकूंना ते महिन्याला ५०० रुपये द्यायला तयार होते. पावती मात्र त्यांना ८,३०० रुपयांची हवी होती.

हा आकडा उगाच आलेला नाही. जुन्या करपद्धतीत नोकरदाराला घरभाडे भत्त्यावर करसवलत मिळते, पण वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की घरमालकाचा पॅन नोकरी देणाऱ्या कार्यालयाला कळवावा लागतो. ८,३०० ला बारानं गुणलं की ९९,६०० होतात. म्हणजे पॅन न देता सवलत जास्तीत जास्त ओढायची, असा तो हिशेब. एक लाखाला हात न लावणाऱ्या रकमेची पावती कोणी मागितली, की घरमालकानं तिथंच थांबून विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे. खरं भाडं असं सीमारेषेला घासून क्वचितच ठरतं. गावात एका खोलीला आठ हजार तर कोणीच देत नाही.

काकूंना मी समजावलं की पावतीवर सही तुमची आहे. उद्या कोणी चौकशी केली तर ती पावती सांगेल की वर्षाला ९९,६०० रुपये तुम्हाला मिळाले, आणि हातात तर सहा हजारच आलेले असतील. न मिळालेल्या पैशाचा खुलासा काकूंना आणि मुलाला करावा लागेल. गुरुजींच्या बाजूनं तर धोका आणखी मोठा. खोट्या कागदावर घेतलेली सवलत उघडकीस आली तर चुकवलेल्या कराच्या २०० टक्के दंड लागू शकतो, आणि मुख्यालयी न राहता घेतलेला भत्ता वसूल होतो तो निराळाच. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मंग नको भाऊ. माहा नवरा मास्तर होता, त्याच्या घरावर असा कागद नाही काढत मी." गुरुजींचा विषय तिथंच मिटला.

नर्सबाईंना खोली द्यायची ठरली तेव्हा काकूंची खरी भीती बाहेर आली. शेजारच्यांनी त्यांच्या मनात भरवलं होतं की भाडेकरू बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं. "कूळ लागलं त घर जाईन नं माहं," हे त्या दोनदा बोलल्या. आपल्या भागात ही भीती फार खोल आहे, कारण कुळांमुळं जमिनी गेल्याच्या गोष्टी घरोघरी ऐकलेल्या असतात. पण कूळ कायदा शेतजमिनीचा आहे. विदर्भासाठी तो वेगळा, १९५८ सालचा आहे, आणि राहत्या घरातल्या खोलीशी त्याचा काही संबंध येत नाही. बारा वर्षांची गोष्टही अर्धवट ऐकलेली असते. मालकाच्या विरोधात, आपणच मालक आहोत असं उघडपणे मानून सलग बारा वर्षं ताबा ठेवला तर तसा दावा होऊ शकतो. जो भाडं देतो आणि मालकाच्या परवानगीनं राहतो, त्याचा ताबा असा विरोधी ठरत नाही. म्हणूनच परवानगी लेखी असणं महत्त्वाचं. तोंडी ठेवलेला, भाड्याचा कुठंच पुरावा नसलेला माणूस दहा वर्षांनी काय सांगेल ते कोणाच्या हातात नसतं.

कागद करायला बसलो तेव्हा पहिली अडचण नर्सबाईंची नव्हती, घराचीच निघाली. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे कर आकारणीच्या उताऱ्यावर, अजून काकांचंच नाव होतं. घरपट्टीची पावती त्यांच्या नावानं, वीजबिलही त्यांच्या नावानं. करार लिहून देणारा मालक कोण, याचं उत्तरच कागदावर नव्हतं. घर काकांनी स्वतःच्या कमाईनं बांधलेलं, मृत्युपत्र नाही, त्यांची आई आधीच वारलेली. हिंदू वारसा कायद्यानं अशा वेळी पत्नी आणि मुलगा यांचा सारखा वाटा येतो. म्हणजे घर निम्मं काकूंचं आणि निम्मं मुलाचं. आधी मृत्यू दाखला आणि वारसांची कागदपत्रं जोडून ग्रामपंचायतीत वारस नोंदीचा अर्ज दिला. मासिक सभेत ठराव झाला आणि दोघांची नावं उताऱ्यावर चढली, तेव्हाच करार पुढं सरकला. खोली भाड्यानं देण्याआधी नमुना ८ काढून स्वतःचं नाव बघणं ही मी सगळ्यांना सांगतो ती पहिली गोष्ट. बहुतेक घरांत तिथं अजून आजोबांचं नाव असतं.

करार 'लिव्ह अँड लायसन्स' पद्धतीचा केला. यात ताब्याचा हक्क मालकाकडेच राहतो आणि राहणाऱ्याला ठराविक मुदतीसाठी वापराची परवानगी मिळते. मुदत ११ महिने, परवाना शुल्क म्हणजे आपल्या बोलीत भाडं ३,००० रुपये, अनामत ६,००० रुपये. मुलाचं म्हणणं होतं की शंभराच्या बाँडवर नोटरी करू, सगळे तेच करतात. सगळे करतात हे खरं, पण नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथं लागू आहे तिथं कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटी काय ठरल्या होत्या याबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. हा कायदा कुठल्या क्षेत्रांना लागू ते त्याच्या परिशिष्टांत दिलेलं आहे, प्रत्येक खेडं त्यात येत नाही. तरीही मी नोंदणीचाच आग्रह धरतो, कारण त्यावर दोघांचे अंगठे, फोटो आणि तारीख असते, आणि खर्च फारसा नाही.

मुद्रांक शुल्क पाव टक्का आहे. ११ महिन्यांचं भाडं ३३,००० आणि अनामतीवर वर्षाला १० टक्के मानीव व्याज ६००, मिळून ३३,६०० झाले. त्याचा पाव टक्का ८४ रुपये. ग्रामीण भागासाठी नोंदणी फी ५०० रुपये. वरून ज्यानं ऑनलाइन नोंदणी करून दिली त्याची मजुरी. मुलानं पुण्यातूनच अंगठा दिला, त्यासाठी त्याला गावी यावं लागलं नाही.

अटी फार लिहिल्या नाहीत. ज्यावरून पुढं कुरबुरी होतात तेवढ्याच लिहिल्या. भाडं दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत काकूंच्या खात्यात जमा, रोख नाही. सोडायचं असेल तर दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना. खोली दुसऱ्या कोणाला राहायला द्यायची नाही. नळाचं पाणी सकाळी येतं तेव्हा दोन ड्रम भरून घ्यायचे. अनामत सोडताना परत, वीज किंवा मोडतोडीची बाकी असेल तर तेवढी वजा करून. नर्सबाईंच्या आधार कार्डाची आणि ओळखपत्राची प्रत, कराराची प्रत आणि फोटो, हे सगळं पोलीस पाटलांना दाखवून पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली. नर्सबाई सरकारी नोकर, गावात सगळ्यांच्या ओळखीच्या, तरी दिली. जिल्हा प्रशासनाचा आदेश असतो तेव्हा ही माहिती न देणं हा गुन्हा ठरतो आणि तो भाडेकरूवर नाही, मालकावर लागतो.

विजेवर मात्र आम्हाला बराच वेळ द्यावा लागला, आणि तो द्यायलाच हवा होता. घराला मीटर एकच. काकू एकट्या असताना महिन्याला ८० युनिटच्या आसपास वापर होता. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटचा दर कमी आहे आणि १०१ ते ३०० चा दर त्याच्या दुपटीच्या आसपास जातो. नर्सबाई आल्यावर एकूण वापर १५० झाला तर वरची ५० युनिटं महाग दरानं पडणार. बिल युनिटच्या प्रमाणात वाटलं तर त्या महाग युनिटांचा भार काकूंवरही येतो, आणि त्यांचा वापर तर एका युनिटनंही वाढलेला नसतो. तीन हजार भाडं घेऊन त्यातले शे-दोनशे असे नकळत विजेत जातात आणि मग मनात अढी बसते.

आमच्याकडे उन्हाळ्यात कुलरशिवाय भागत नाही. मध्यम कुलर साधारण १८० वॅटचा धरला आणि दिवसाला बारा तास चालला तर दोन युनिटांहून थोडे जास्त, म्हणजे महिन्याला ६५ युनिट. एप्रिल ते जून हा आकडा दोन्हीकडे वाढतो. म्हणून खोलीच्या लाइनवर उपमीटर बसवला आणि दर महिन्याला दोघींनी मिळून आकडा वहीत लिहायचा असं ठरवलं. वाटणीची रीत अशी ठेवली: काकूंच्या युनिटांना एकट्यानं किती बिल आलं असतं ते आधी काढायचं, उरलेली रक्कम नर्सबाईंची. नर्सबाईंना हे आधी पटलं नाही. त्यांचं म्हणणं, स्वस्त युनिटं सगळी काकूंनाच का? बरोबर प्रश्न होता. शेवटी स्थिर आकार काकूंनी एकट्यानं भरायचा आणि युनिटांची वाटणी वरच्या रीतीनं, यावर दोघी राजी झाल्या. दुसरी कुठली रीतही चालली असती. पण ती पहिल्या बिलाच्या आधी ठरायला हवी, नंतर ठरवायला गेलं की भांडण होतं. आणि विजेचे पैसे बिलापुरतेच घ्यायचे, त्यावर नफा नाही.

आता कराचा हिशेब. काकूंना वाटत होतं, आपण शेतकरी, घर गावातलं, म्हणजे हे शेतीचंच उत्पन्न, करमुक्त. तसं नाही. शेतीलगतच्या इमारतीचं उत्पन्न काही अटींवर शेतीचं धरलं जातं, पण ती इमारत राहण्यासाठी भाड्यानं दिली तर त्या भाड्याला ही सूट लागू होत नाही, असं कायद्यातच स्पष्ट लिहिलं आहे. काकूंचं घर तर गावठाणात आहे. हे 'घरमालमत्तेपासूनचं उत्पन्न'.

आर्थिक वर्ष २०२५-२६ पूर्ण बारा महिन्यांचं धरून बघू. भाडं ३६,०००. घरपट्टी वर्षाला १,६०० आणि दिलेला भाग साधारण चौथाई, म्हणून त्यातले ४०० रुपये वजा. इथं लक्षात ठेवायची गोष्ट ही की घरपट्टी त्या वर्षात मालकानं प्रत्यक्ष भरलेली असली तरच वजा होते. बाकी ठेवली आणि पुढच्या वर्षी भरली तर वजावटही पुढच्या वर्षी. उरले ३५,६००. त्याच्या ३० टक्के म्हणजे १०,६८० सरसकट वजा, कसलीही पावती न दाखवता. उरलेलं करपात्र उत्पन्न २४,९२०. काकू राहतात तो भाग स्वतःच्या वापराचा, त्याचं उत्पन्न शून्य.

या ३० टक्क्यांवरून मुलगा जरा हिरमुसला. खोलीला रंग दिला होता, संडासाचं भांडं बदललं होतं, उपमीटर बसवला होता. ते सगळं दाखवून आणखी वजावट मिळेल असं त्याला वाटत होतं. मिळत नाही. खर्च शून्य असो की पंधरा हजार, वजावट तेवढीच. अनामतीचे ६,००० रुपये परत करायचे आहेत म्हणून ते उत्पन्नात येत नाहीत. त्यातून थकलेलं भाडं कापून घेतलं तर तेवढे पैसे भाड्यात मोजायचे.

आता हे २४,९२० कोणाचे? पैसे काकूंच्या खात्यात जातात, पण घर दोघांचं आणि वाटे ठरलेले. म्हणून प्रत्येकाच्या नावावर १२,४६० येतात. काकूंकडे बघू. निवृत्तीवेतन २,६४,०००, नव्या करपद्धतीत कुटुंब निवृत्तीवेतनावर २५,००० ची वजावट, राहिले २,३९,०००. त्यात १२,४६० मिळवले की २,५१,४६०. मूळ सूट ४ लाखांची आहे, त्यामुळं कर नाही. शेतीचं उत्पन्न दर ठरवण्यापुरतं मिळवायची वेळ बाकी उत्पन्न ४ लाखांवर गेलं तरच येते, तेव्हा इथं तोही प्रश्न नाही.

मुलाचं तसं नाही. सगळ्या वजावटी जाऊन त्याचं पगाराचं करपात्र उत्पन्न १३ लाखांच्या घरात आहे. त्याच्या टप्प्याचा दर १५ टक्के. १२,४६० वर १,८६९ रुपये कर आणि ४ टक्के उपकर धरून जवळपास १,९४४ रुपये. भाड्यातला एक रुपयाही तो घेत नाही, तरी कर त्याला आहे, आणि त्याच्या विवरणपत्रात हे उत्पन्न दाखवायला हवं. त्यानं विचारलं, आईच्या खात्यात जातात, मग माझं काय? उत्पन्न कोणाच्या खात्यात गेलं याला महत्त्व नाही, मालकी कोणाची ते बघतात. त्याला खरोखर हा भाग आईला द्यायचा असेल तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं लागेल. पण १,९४४ रुपयांसाठी घरातला हक्क सोडू नये, असं मी त्याला सांगितलं. हक्कसोडपत्राची कारणं घरातली असावीत, कराची नव्हे.

गुरुजींच्या पावतीचा हिशेबही मी त्याला तेव्हा मांडून दाखवला. ९९,६०० मधून ४०० घरपट्टी आणि ३० टक्के गेले की ६९,४४०. त्याचा निम्मा वाटा ३४,७२०, त्यावर उपकरासह साधारण ५,४१६ रुपये कर. वर्षाला हातात येणारे ६,००० आणि जवळपास साडेपाच हजार मुलाच्या खिशातून जाणार. त्या दिवसापासून त्यानं गुरुजींचं नाव काढलं नाही.

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या कायद्याच्या जागी आयकर कायदा, २०२५ आला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, पण घरपट्टी वजा करून मग ३० टक्के, ही रीत तीच आहे.

मे महिन्यात बदल्या होतात. नर्सबाईंची बदली झाली तर खोली दोन महिने रिकामी राहील ही काकूंची पुढची काळजी होती. रिकाम्या महिन्यांचं न मिळालेलं भाडं उत्पन्नात धरत नाहीत, एवढा दिलासा कायदा देतो. पुढच्या भाडेकरूसाठी जिनिंगच्या हंगामी कामगारांनीही विचारलं होतं. ते नोव्हेंबर ते मार्च राहतात आणि भाडं चांगलं देतात, पण एका खोलीत किती जण झोपतील ते सांगता येत नाही. काकूंनी नाही म्हटलं. एकट्या बाईच्या घरात माणसं मोजूनच घ्यावीत, मलाही त्यांचं पटलं.

नर्सबाईंनी दिवाळीनंतर डबा सुरू करायला सांगितला, महिन्याला २,४०० रुपये. काकू म्हणाल्या, भाड्यातच धरा ना, ५,४०० लिहा. तसं लिहिलं नाही. डब्याचे पैसे हे घराचं भाडं नव्हे, तो काकूंचा व्यवसाय आहे. त्यावर ३० टक्क्यांची वजावट लागत नाही. लहान धंद्यांसाठी अनुमानित उत्पन्नाची जी सोय आहे तिच्यात एकूण रकमेच्या ८ टक्के, आणि बँकेतून आलेल्या रकमेच्या ६ टक्के एवढंच उत्पन्न धरता येतं. दहा महिन्यांचे २४,००० खात्यात आले तर उत्पन्न १,४४० रुपये. भाड्यात मिसळले असते तर १६,८०० करपात्र झाले असते, आणि त्यातले निम्मे मुलाच्या विवरणपत्रात गेले असते. आता डबा वेगळ्या वहीत लिहिला जातो, नर्सबाई ते पैसेही वेगळे पाठवतात, आणि ते उत्पन्न एकट्या काकूंचं आहे.